साध्या मजकुरात मराठी उपशीर्षके कशी लिहावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीतल्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. लिहिलेली सूचना एकच असते, पण ती चार ठिकाणी जाते : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, ईमेलने, स्मार्टफोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांना एसएमएसने आणि छापून लिफ्टशेजारच्या फलकावर. ठाणे, घणसोली, कोपरखैरणे इथल्या ओळखीच्या सेक्रेटरींकडून उपशीर्षकांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतले आहे : पाणी बंद, टाकी सफाई आणि पार्किंग, अशा तीन विषयांची सूचना.


प्रश्न १ :- मी शीर्षक नीट दिले होते, तरी ग्रुपवर त्याच्या आधी हॅशची चिन्हे का दिसतात?

कारण ती चिन्हे म्हणजे शीर्षक नव्हे, शीर्षक करण्याची खूण आहे. ओळीच्या सुरुवातीला ‘#’ आणि मग मोकळी जागा, ही मार्कडाउन नावाच्या लेखनपद्धतीची रीत. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये मांडली. ही खूण ओळखणारे अ‍ॅप हॅश काढून टाकते आणि ती ओळ मोठ्या, ठळक अक्षरांत दाखवते. न ओळखणारे अ‍ॅप हॅश जशाच्या तशा छापते. नोट्सच्या अनेक अ‍ॅपमध्ये ही खूण चालते, म्हणून लिहिताना सगळे सुंदर दिसते. तिथून मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की खरी गडबड कळते.

आमच्याकडे आलेला एक मसुदा असा होता :

```
# सूचना
## पाणीपुरवठा
गुरुवारी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ पाणी बंद राहील.
**टाकी सफाई**
त्याच दिवशी टाकी साफ होईल.
##पार्किंग
शनिवारी रंगकाम असल्याने गाड्या बाहेर लावाव्यात.
```

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ठळक, तिरपे, यादी, अवतरण अशा काही खुणा चालतात, पण शीर्षकाची खूण नाही. त्यामुळे हॅश तसेच दिसले. शेवटच्या शीर्षकात तर हॅशनंतर जागाच सोडलेली नाही. ती ओळ मार्कडाउनच्या आजच्या प्रमाण नियमांप्रमाणेही शीर्षक ठरत नाही, म्हणजे ती खूण ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्येही हॅश दिसण्याची शक्यता मोठी. आणि चिन्हे डोळ्यांआड केली, तर उरतात एकमेकींना चिकटलेल्या सात ओळी. कोणती शीर्षकाची आणि कोणती सूचनेची, हे वाचणाऱ्याने शोधायचे.


प्रश्न २ :- मग व्हॉट्सअ‍ॅपची तारांकनाची खूण वापरली तर?

सूचना फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच राहणार असेल, तर खुशाल वापरा. शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा द्या, आणि तारा व अक्षर यांच्यात जागा सोडू नका. आत जागा राहिली की ठळक होत नाही आणि तारे तसेच दिसतात. मार्कडाउनच्या सवयीने दोन-दोन तारे देणेही टाळा, कारण इथे एकच पुरतो.

पण सूचना तिथेच राहत नाही, हाच तर त्रास आहे. कोणीतरी ती ग्रुपवरून कॉपी करून ईमेलमध्ये किंवा एसएमएसमध्ये टाकते आणि तारेही सोबत जातात. मार्कडाउन ओळखणाऱ्या ठिकाणी गेली, तर एका ताऱ्याचा अर्थ ठळक नसून तिरपे असा होतो, आणि बऱ्याच देवनागरी फॉन्टना खरी तिरपी अक्षरे नसल्याने सरळ अक्षरेच यंत्राने वाकवली जातात. ती वाचवत नाहीत. म्हणून माझा नियम असा की तारा काढून टाकला तरी शीर्षक हे शीर्षकच वाटले पाहिजे. तसे वाटत असेल, तर तारा द्यायला हरकत नाही.


प्रश्न ३ :- इंग्रजी सूचनांत शीर्षक सगळे मोठ्या लिपीत लिहितात. मराठीत तसे काय करता येईल?

देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नाही, त्यामुळे तो मार्ग आपल्याला नाही. इंटरनेटवर काही साधने इंग्रजी अक्षरांना ‘ठळक’ करून देतात. ती खरे तर गणितासाठी युनिकोडमध्ये ठेवलेली वेगळी अक्षरे असतात. देवनागरीसाठी तसा संचच नाही, म्हणून ती साधने मराठीवर चालत नाहीत.

पण मराठी वाक्याची घडणच आपल्याला मदत करते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘पाणी बंद राहील’, ‘टाकी साफ होईल’, ‘गाड्या बाहेर लावाव्यात’ अशा ओळी वाचताना क्रियापद आले की मनात विधान पूर्ण होते. ज्या ओळीला क्रियापदच नाही आणि शेवटी पूर्णविरामही नाही, तिथे वाचणारा आपोआप पुढे काय येते याची वाट पाहतो. शीर्षकाकडून आपल्याला नेमके हेच हवे असते. ‘गुरुवारचा पाणीपुरवठा’ हे शीर्षक आहे. ‘गुरुवारी पाणी बंद राहील’ ही पहिलीच सूचना झाली, आणि तिच्याखाली पुन्हा तेच वाक्य आले की लोकांना वाटते, चुकून दोनदा लिहिले.

सरकारी पत्रांतली ‘बाबत’ची रीतही याच जातीची आहे. ‘टाकी सफाईबाबत’, ‘पार्किंगच्या फेरवाटपाबाबत’ असे लिहिले की कोणत्याही चिन्हाशिवाय ते शीर्षक ठरते. शाळेच्या परिपत्रकापासून नगरपालिकेच्या पत्रापर्यंत लोकांनी हे इतके वाचलेले असते की डोळा लगेच ओळखतो. थोडे कोरडे वाटते, पण रोजच्या सूचनेत ते शोभते. प्रत्येक शीर्षकाला मात्र ‘बाबत’ लावू नका. सगळ्या ओळींचा शेवट सारखा झाला की वरून खाली नजर फिरवताना विषय वेगवेगळे दिसत नाहीत.

तिसरा पर्याय प्रश्नाचा. ‘गाड्या कुठे लावायच्या?’ यात क्रियापद आहे, पण प्रश्नचिन्हामुळे उत्तर खाली आहे हे कळते. वयस्कर रहिवाशांना ही पद्धत आवडते, असा माझा अनुभव. फक्त एका सूचनेत सगळी शीर्षके एकाच प्रकारची ठेवा. दोन नामाची आणि एक प्रश्नाचे, असे केले तर प्रश्नाचे शीर्षक कोणीतरी विचारलेला प्रश्न वाटते.


प्रश्न ४ :- वरचा मसुदा तुम्ही कसा लिहाल?

असा :

```
सूचना :- पाणी, टाकी सफाई आणि पार्किंग
(एकूण विषय ३)


विषय १ :- गुरुवारचा पाणीपुरवठा

गुरुवारी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ पाणी बंद राहील.
बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे.


विषय २ :- गच्चीवरच्या टाकीची सफाई

त्याच दिवशी टाकी साफ होईल. पाणी आल्यावर पहिली
दहा मिनिटे ते पिण्यासाठी वापरू नये.


विषय ३ :- शनिवारचे पार्किंग

तळमजल्यावर रंगकाम असल्याने शनिवारी गाड्या
बाहेर लावाव्यात.
```

यात शीर्षक तीन गोष्टींवर उभे आहे. पहिली, ओळीच्या सुरुवातीचा ‘विषय १’ हा शब्द आणि क्रमांक. ओळ चिन्हाने किंवा आकड्याने सुरू न होता शब्दाने सुरू होत असल्यामुळे कोणतेही अ‍ॅप तिला यादी किंवा शीर्षक समजून बदलत नाही. दुसरी, क्रियापद नसलेला शब्दसमूह. तिसरी, मोकळ्या ओळी : शीर्षकाच्या वर दोन, खाली एक. हा फरक मुद्दाम ठेवा. वर जास्त जागा असली की शीर्षक खालच्या मजकुराचे वाटते. दोन्हीकडे सारखी जागा दिली, तर ते मध्येच लोंबकळते.

काही ठिकाणी लागोपाठच्या दोन मोकळ्या ओळींची एक होते. तसे झाले तरी ‘विषय २’ हा शब्द काम करतो. एक आधार गेला तर दुसरे दोन असावेत, एवढाच हिशेब.

‘एकूण विषय ३’ ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते. लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धाच दिसतो आणि बाकीचा उघडावा लागतो. पार्किंगची सूचना नेमकी त्या घडीत जाते आणि शनिवारी सकाळी रंगाऱ्यांसमोर वाद होतो. वर ३ लिहिले असले की दोनच विषय दिसल्यावर माणूस खाली जाऊन बघतो.


प्रश्न ५ :- शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची किंवा डॅशची रेघ मारली तर उठून दिसेल ना?

टंकलेखन यंत्राच्या काळात ते ठीक होते, कारण तिथे गाडा पुढे सरकवणारी प्रत्येक कळ सारखीच जागा घेत असे. मोबाईलवर अक्षरांची रुंदी वेगवेगळी असते. ‘र’ अरुंद आणि ‘क्ष’ ऐसपैस. तुमच्या फोनवर शीर्षकाइतकी भरलेली रेघ दुसऱ्याच्या फोनवर आखूड पडते किंवा पुढच्या ओळीवर सांडते.

त्याहून मोठा धोका वेगळा आहे. मजकुराच्या लगेच खालच्या ओळीवर डॅश आले, तर मार्कडाउनमध्ये वरच्या मजकुराचे शीर्षक होते. तुम्ही डॅशची रेघ दोन विषयांमधला दुभाजक म्हणून मारली असेल आणि तिच्या आधी मोकळी ओळ सोडली नसेल, तर असे घडते :

```
शनिवारी गाड्या बाहेर लावाव्यात.
---------------------------
विषय ४ :- देखभाल शुल्क
```

काही ठिकाणी ही सूचना उघडली की पार्किंगचे सबंध वाक्य भल्यामोठ्या अक्षरांत दिसेल, डॅश गायब होतील आणि खरे शीर्षक बारीक राहील. दुभाजक हवाच असेल, तर त्याच्या वर आणि खाली एकेक मोकळी ओळ ठेवा. मी तो वापरतच नाही. दोन मोकळ्या ओळी तेच काम करतात.


प्रश्न ६ :- शीर्षक मधोमध आणण्यासाठी आधी स्पेस दिल्या तर?

देऊ नका. स्पेसची रुंदीही फॉन्टप्रमाणे बदलते, त्यामुळे मध्य कधीच साधत नाही. वेबपानावर लागोपाठच्या स्पेसची बहुधा एकच स्पेस होते. आणि मार्कडाउनमध्ये मोकळ्या ओळीनंतर चार स्पेसने सुरू होणारी ओळ संगणकाचा कोड समजली जाते, मग तुमचे ‘सूचना’ राखाडी चौकटीत वेगळ्याच अक्षरांत दिसते. शीर्षक डाव्या कडेलाच सुरू करा. फलकावरचा कागद मधोमध हवा असेल, तर छापताना वर्डमध्ये ते वेगळे करता येते.


प्रश्न ७ :- शीर्षकानंतर नुसते अपूर्णविराम चिन्ह पुरे की ‘:-’ लिहावे?

दोन्ही चालतात, पण अपूर्णविरामाची एक अडचण आहे. तो शब्दाला चिकटवून लिहिला तर विसर्गासारखा दिसतो, आणि अनेकदा लिहिणाऱ्याने खरोखरच विसर्गाची कळ दाबलेली असते. ‘सूचनाः’ आणि ‘सूचना:’ हे पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात, पण आत वेगळी चिन्हे आहेत. मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर पहिल्याचा उच्चार शेवटी ‘ह’ लावून करू शकते. ‘विषय:’ असा शोध घेतला तर विसर्गवाली ओळ सापडत नाही.

म्हणून मी एक स्पेस, मग ‘:-’ आणि पुन्हा एक स्पेस देते. आपल्या अर्जांत आणि पत्रांत ‘विषय :-’, ‘संदर्भ :-’ असे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जाते, त्यामुळे ते कोणालाच चिन्ह म्हणून खुपत नाही. शिवाय त्याची विसर्गाशी गल्लत होत नाही.


प्रश्न ८ :- क्रमांक मराठी आकड्यांत की इंग्रजी?

मराठी आकड्यांत. मार्कडाउनची क्रमांकित यादी फक्त इंग्रजी आकड्यांना ओळखते. ‘1.’ ने शीर्षक सुरू केले की काही अ‍ॅप त्याची यादी करतात, आणि शीर्षकांच्या मध्ये परिच्छेद असल्यामुळे ती यादी तुटते. जुन्या पद्धतीच्या साधनांत मग प्रत्येक शीर्षकाला पुन्हा १ हाच क्रमांक मिळतो. ‘१.’ ला मार्कडाउन हातही लावत नाही. एवढे मात्र पाळा, की एकाच सूचनेत ‘विषय ३’ आणि ‘विषय 3’ असे दोन्ही नकोत. कोणी शोधायला गेले, तर त्यातले एक हाती लागणार नाही.


प्रश्न ९ :- एसएमएसमध्ये एवढ्या मोकळ्या ओळी परवडतील का?

नाही, तिथे वेगळा आकृतिबंध लागतो. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरी आली की एका संदेशाची मर्यादा ७० वर येते. मजकूर त्याहून लांब झाला तर त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. शिवाय मोजणी आपण पाहतो त्या अक्षरांची होत नाही. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, स्पेस आणि नवी ओळ, प्रत्येकाचा एक. ‘क्ष’ हे दिसायला एक अक्षर, मोजणीत तीन. शीर्षकाखाली वीस चिन्हांची रेघ मारणे म्हणजे पाव संदेशापेक्षा जास्त जागा रेघेला देणे.

म्हणून एसएमएसमध्ये शीर्षक स्वतंत्र ओळीवर न ठेवता मजकुराच्या तोंडाशीच एका शब्दात ठेवायचे :

```
पाणी :- गुरुवारी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ बंद.
टाकी :- त्याच दिवशी सफाई.
```

पहिली ओळ ४५, दुसरी २५ आणि मधली नवी ओळ १, मिळून ७१. म्हणजे एकाने मर्यादा ओलांडली आणि दोन संदेशांचे पैसे लागले. शेवटचा पूर्णविराम काढला की बरोबर ७०. पार्किंग वेगळ्या एसएमएसने पाठवा, कारण ती सूचना गाडी असलेल्यांनाच लागते.

नव्या ओळी गाळून सगळा मजकूर एका पट्टीत आणणाऱ्या ठिकाणीही हाच आकृतिबंध टिकतो. स्वतंत्र ओळीवरचे ‘विषय १ :- गुरुवारचा पाणीपुरवठा’ हे शीर्षक अशा पट्टीत गेले, तर ‘गुरुवारचा पाणीपुरवठा गुरुवारी सकाळी’ असे वाचले जाते आणि शीर्षक कुठे संपले ते कळत नाही. एका शब्दाच्या शीर्षकात ती शंका येत नाही.


प्रश्न १० :- विषयाच्या आत आणखी पोटविषय असतील तर?

‘विषय २ (अ) :-’ आणि ‘विषय २ (ब) :-’ असे लिहा, आणि तिथेच थांबा. साध्या मजकुरात अक्षराचा आकार बदलत नसल्यामुळे तिसरी पातळी वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. ती लागतेच आहे असे वाटले, तर बहुतेक वेळा एका सूचनेत दोन सूचना कोंबलेल्या असतात.


प्रश्न ११ :- लाल ठिपका, पिन अशी इमोजी शीर्षकाला लावावीत का?

ग्रुपवर छान दिसतात. पण काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल ठिपका करडा होतो, कधी त्या जागी रिकामी चौकट येते, आणि एसएमएसमध्ये असा एक इमोजी दोन अक्षरांची जागा खातो. मी लावत नाही.


प्रश्न १२ :- दृष्टिहीन रहिवाशांना या शीर्षकांचा उपयोग होतो का?

होतो, पण मर्यादित, आणि ही मर्यादा माहीत असावी. वेबपानावरचे खरे शीर्षक, मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला शीर्षक म्हणून कळते. एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ ची कळ दाबत माणूस एका शीर्षकावरून पुढच्यावर उडी मारतो. साध्या मजकुरातले शीर्षक त्याला इतर ओळींसारखीच एक ओळ वाटते, तिथे ही उडी मिळत नाही. चिन्हांची रेघ असेल, तर सेटिंगनुसार ते चिन्ह वाचून दाखवले जाते, म्हणजे अडथळाच वाढतो.

यावर उपाय शब्दांतच आहे. ‘एकूण विषय ३’ ऐकले की किती ऐकायचे ते कळते. ‘विषय २’ हा शब्द कानावर पडला की नवा भाग सुरू झाला हे समजते. हवा तो विषय थेट गाठायचा असेल, तर ‘विषय ३’ असे शोधता येते. सूचना सोसायटीच्या संकेतस्थळावरही टाकत असाल, तर तिथे मात्र खरे शीर्षक द्या. साध्या मजकुराची सवय तिथे नेऊ नका.


प्रश्न १३ :- पाठवण्यापूर्वी तपासायचे कसे?

मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाका. नव्या नोटपॅडमध्ये मार्कडाउनची सोय असेल तर ती बंद ठेवा. मग तिथे कोणतीच खूण शीर्षक होत नाही, त्यामुळे सगळे हॅश आणि तारे उघडे पडतात. मग ‘#’ आणि ‘*’ शोधून काढून टाका. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवून तो फोनवर बघा : शीर्षक एका ओळीत मावते का? दुसऱ्या ओळीवर गेले, तर शब्द कमी करा. चार-पाच शब्दांचे शीर्षक सहसा मावते. शेवटी फक्त शीर्षके वरून खाली वाचा. गुरुवारचा पाणीपुरवठा, गच्चीवरच्या टाकीची सफाई, शनिवारचे पार्किंग. एवढ्यावरून कोणाला काय वाचायचे ते कळत नसेल, तर शीर्षक फार मोघम आहे. ‘महत्त्वाचे’, ‘इतर’, ‘विशेष सूचना’ ही शीर्षके इथेच पकडली जातात.


प्रश्न १४ :- इतिवृत्तही असेच लिहावे का?

इतिवृत्ताला तर हे तयारच मिळाले आहे. ‘विषय क्र. ४ :-’ आणि त्याखाली ‘ठराव क्र. ४ :-’, मग सूचक व अनुमोदक, ही रूढ पद्धत साध्या मजकुरात जशीच्या तशी चालते. विषय आणि ठराव यांचे क्रमांक जुळवून ठेवा. एखाद्या विषयावर ठराव झाला नसेल, तर पुढचा क्रमांक वर ओढू नका. त्या जागी ‘ठराव क्र. ४ :- नाही’ असे लिहा, म्हणजे पुढच्या सभेत इतिवृत्त वाचताना कोणता ठराव कोणत्या विषयाचा, हे विचारावे लागत नाही.